एका फोटोच्या आठ फाइली : वर्डप्रेसच्या चित्रसाठ्याचा आढावा

वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळावर एक फोटो चढवला की सर्व्हरवर एकच फाइल पडत नाही. साध्या, नव्याने बसवलेल्या वर्डप्रेसमध्ये मोठ्या फोटोच्या आठ फाइली होतात. थीम आणि प्लगिन आपापली मापे नोंदवतात, तेव्हा हा आकडा बारा-पंधरापर्यंतही जातो. मग कधीतरी होस्टिंगची जागा भरल्याचा इशारा येतो, बॅकअप रात्रभर संपत नाही किंवा नवी थीम बसवल्यावर जुने फोटो वेडेवाकडे कापलेले दिसतात. त्या वेळी दोन उपाय पुढे येतात : नको असलेली मापे छाटणे, किंवा सगळी मापे मूळ फोटोवरून पुन्हा तयार करणे. दोन्हींसाठी साधने आहेत. ती कधी वापरावीत आणि कधी हात लावू नये, यावर मात्र जाणकारांत एकमत नाही. हा वाद कुठून आला, आज कुठे आहे आणि त्यात काय सुटायचे राहिले आहे, ते येथे पाहू.

मापे कशी वाढत गेली

मूळ कल्पना साधी होती. यादीत दाखवायला छोटा चौकोनी थंबनेल, मजकुरात घालायला मध्यम आणि मोठे माप. आजही थंबनेल १५० × १५० पिक्सेलचा असतो आणि त्यासाठी फोटो कापला जातो. मध्यम मापाची मर्यादा ३०० आणि मोठ्याची १०२४ पिक्सेल असते. ही दोन मापे करताना फोटो कापला जात नाही, प्रमाण राखून लहान केला जातो.

पहिली मोठी भर २००९ च्या डिसेंबरात, २.९ या आवृत्तीत पडली. लेखाला मुख्य चित्र जोडण्याची सोय आली आणि थीमला आपली मापे नोंदवण्याचा अधिकृत मार्ग मिळाला. पहिल्या पानावरच्या पट्टीसाठी एक, बाजूच्या यादीसाठी दुसरे, स्लायडरसाठी तिसरे अशी मापे थीम बनवणारे सढळ हाताने नोंदवू लागले. थीम बदलली की नवी मापे येत, पण जुन्या फाइली तशाच पडून राहत.

२०१५ च्या डिसेंबरात आलेल्या ४.४ आवृत्तीने फोटोच्या टॅगमध्ये `srcset` आपोआप घालायला सुरुवात केली. एकाच फोटोच्या उपलब्ध मापांची ही यादी असते. ब्राउझर आपल्या पडद्याला साजेसे माप तिच्यातून निवडतो. मधली पायरी मोठी पडू नये म्हणून ७६८ पिक्सेल रुंदीचे माप त्याच वेळी जोडले गेले. २०१९ च्या नोव्हेंबरात ५.३ आवृत्तीने दाट पिक्सेलच्या पडद्यांसाठी १५३६ आणि २०४८ ही दोन मापे आणली. फोटो २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर त्याची `-scaled` अशा नावाची प्रतही बनू लागली. संकेतस्थळ हीच प्रत मुख्य म्हणून वापरते आणि मूळ फाइल तिच्याशेजारी न दाखवता ठेवली जाते.

म्हणजे साठा वाढण्याची कारणे दोन आहेत. थीम बदलल्याने जमलेल्या मापांपैकी बऱ्याचशांची गरज संपलेली असते. `srcset`साठी आलेली मापे वाचकाचा डेटा वाचवण्यासाठी मुद्दाम बनवलेली असतात. वादात ही दोन्ही बऱ्याचदा एकाच तराजूत तोलली जातात.

एका फोटोचा हिशेब

समजा, एका मासिकाच्या संकेतस्थळावर पालखीचा ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो चढवला. मूळ फोटोत १ कोटी २० लाख पिक्सेल आहेत. त्यावरून बनलेल्या सात प्रतींचा हिशेब असा :

- २५६० × १९२० : सुमारे ४९ लाख पिक्सेल
- २०४८ × १५३६ : सुमारे ३१ लाख
- १५३६ × ११५२ : सुमारे १८ लाख
- १०२४ × ७६८ : सुमारे ८ लाख
- ७६८ × ५७६ : सुमारे ४ लाख ४० हजार
- ३०० × २२५ : सुमारे ६७ हजार
- १५० × १५० : साडेबावीस हजार

सातही प्रती मिळून साधारण १ कोटी ११ लाख पिक्सेल होतात. म्हणजे सगळ्या प्रती मिळून जवळजवळ आणखी एक मूळ फोटो. फाइलचे वजन तंतोतंत पिक्सेलच्या प्रमाणात नसते, फोटोतल्या तपशिलावर आणि जेपेगच्या दर्जावर ते बदलते. पण अंदाज बांधायला हा हिशेब पुरतो. त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, जागा खातात ती वरची तीन मापे. प्रतींच्या एकूण भारापैकी सुमारे ८८ टक्के भार त्यांचाच असतो. ‘थंबनेल फार झाले’ म्हणून छोटी मापे छाटली तर मोकळी होणारी जागा किरकोळ असते.

दुसरी गोष्ट फाइलींच्या संख्येची. असे २० हजार फोटो असतील तर फाइली होतात १ लाख ६० हजार, आणि थीमची आणखी पाच मापे धरली तर २ लाख ६० हजार. शेअर्ड होस्टिंगवर जागेइतकीच फाइलींच्या संख्येलाही मर्यादा असते. बॅकअप आणि स्थलांतराचा वेळही बराचसा संख्येवर अवलंबून असतो. या मोजणीत दीडशे पिक्सेलचा थंबनेल आणि २५६० पिक्सेलची प्रत यांचे वजन सारखेच. म्हणून छाटणी करण्याआधी अडचण जागेची आहे की संख्येची, हे ठरवावे लागते. त्यावर कोणती मापे काढायची हे बदलते.

तीन भूमिका

पहिली भूमिका वर्डप्रेसच्या मूळ रचनेची आहे : सगळी मापे फोटो चढवतानाच बनवावीत आणि मग त्यांना हात लावू नये. या बाजूचे म्हणणे असे की डिस्क स्वस्त आहे, वाचकाचा वेळ महाग आहे. तयार फाइल देताना सर्व्हरला काही कष्ट पडत नाहीत. फोटो लहान करणे मात्र जड काम आहे. ४००० × ३००० चा फोटो उघडला की प्रत्येक पिक्सेलला चार बाइट धरून ४८ मेगाबाइट मेमरी तेवढ्यातच जाते. ते काम एकदाच, संपादक फोटो चढवत असताना उरकलेले बरे. शिवाय प्रत्येक मापाला कायमचा पत्ता मिळतो.

दुसरी भूमिका काटकसरीची : मोजकीच मापे नोंदवा, उरलेली बंद करा, जुनी छाटा. स्वस्त डिस्कचा युक्तिवाद मोठ्या सर्व्हरवाल्यांना परवडतो, असे ही बाजू म्हणते. छोट्या मासिकाला किंवा संस्थेला पुढच्या महागड्या प्लॅनवर जावे लागते आणि बॅकअपचे पैसे वेगळे पडतात. साइटवरची थीम जर तीनच मापे दाखवत असेल तर तेरा बनवण्यात काय हशील, हा त्यांचा रास्त प्रश्न आहे.

तिसरी भूमिका सांगते की माप मागितले जाईल तेव्हाच बनवावे. ड्रुपलमध्ये २०११ च्या सातव्या आवृत्तीपासून हीच पद्धत मूळ रचनेत आहे. कोणी पहिल्यांदा ते माप मागितले की सर्व्हर ते बनवतो आणि ठेवून देतो. छाटणी तिथे निर्धास्तपणे करता येते, कारण पुसलेली फाइल पुढच्या मागणीला पुन्हा तयार होते. वर्डप्रेसवाल्यांना हाच मार्ग जेटपॅकच्या किंवा एखाद्या सीडीएनच्या चित्रसेवेतून मिळतो. मूळ फोटो एकच राहतो आणि माप पत्त्यातच मागितले जाते.

या मार्गालाही इतिहास आहे. एकेकाळी असंख्य वर्डप्रेस थीममध्ये टिमथंब नावाची छोटी स्क्रिप्ट मागणीनुसार फोटो कापून देत असे. ऑगस्ट २०११ मध्ये तिच्यात गंभीर त्रुटी सापडली. बाहेरचा फोटो आणण्याच्या सोयीतून हल्लेखोराला सर्व्हरवर आपला कोड घुसवता येत होता आणि अनेक साइट त्याला बळी पडल्या. ड्रुपललाही फेब्रुवारी २०१३ मध्ये ७.२० आवृत्तीत प्रत्येक चित्राच्या पत्त्याला सांकेतिक खूण जोडावी लागली. ती नसेल तर कोणीही हजारो मापे मागून सर्व्हर बेजार करू शकला असता. मागणीनुसार बनवण्याची किंमत अशी सुरक्षेत द्यावी लागते, आणि बाहेरची सेवा घेतली तर परावलंबनात.

खरा गुंता पत्त्यांचा

तिन्ही भूमिका जागा आणि वेग यांबद्दल बोलतात. प्रत्यक्षात छाटणी फसते ती बहुधा तिसऱ्याच कारणाने. बनवलेली फाइल पुन्हा बनवता येते. पण तिचा पत्ता कुठे कुठे लिहून ठेवला गेला आहे, ते सांगता येत नाही.

वर्डप्रेसमध्ये मापाचा आकडा फाइलच्या नावातच असतो. पालखीचा फोटो `palkhi.jpg` असेल तर मोठे माप `palkhi-1024x768.jpg` होते. संपादकाने लेखात फोटो घालताना ‘मोठे’ निवडले की हा पत्ता लेखाच्या मजकुरात जसाच्या तसा लिहिला जातो आणि डेटाबेसमध्ये राहतो. पुढे कोणी सेटिंगमध्ये मोठ्या मापाची मर्यादा १२०० केली आणि जुन्या फाइली पुसून सगळे पुन्हा बनवले, तर नवी फाइल `palkhi-1200x900.jpg` या नावाने येते. लेख मात्र जुन्याच नावाने हाक मारत राहतो.

इथे `srcset` मदतीला येईल असे वाटते. ते तसे येत नाही. पान तयार करताना वर्डप्रेस फोटोच्या मेटाडेटातल्या मापांची यादी काढते आणि टॅगमधला पत्ता तिच्यात सापडतो का, ते पाहते. सापडला नाही तर ती यादी जोडलीच जात नाही. म्हणजे मोडलेला पत्ता तेवढा उरतो आणि वाचकाला रिकामी चौकट दिसते.

यावरून मापांचे दोन गट पडतात. थंबनेल, मध्यम, मोठे ही मापे संपादकाच्या निवडीत असतात, म्हणून त्यांचे पत्ते मजकुरात कोरले जातात. ७६८, १५३६ आणि २०४८ ही मापे एरवी संपादकाला निवडायला दिलेली नसतात. ती पान तयार होताना मेटाडेटावरून काढली जातात. थीम स्वतः मुख्य चित्र दाखवते त्या मापांचेही तसेच. दुसऱ्या गटातील फाइल आणि तिची मेटाडेटातील नोंद दोन्ही एकत्र गेल्या तर संकेतस्थळाला तिची आठवणही राहत नाही.

योगायोग असा की जागा अडवणाऱ्या मापांपैकी दोन याच गटातली आहेत. वरच्या हिशेबात १५३६ आणि २०४८ मिळून प्रतींचा ४४ टक्के भार उचलतात. जागा वाचवायची असेल तर छाटणीची सुरुवात तिथून करणे सर्वांत कमी धोक्याचे. त्याची किंमतही स्पष्ट आहे : मजकुरात १०२४ चे माप घातलेले असेल, तर दाट पिक्सेलच्या पडद्यावर ब्राउझरला त्यापेक्षा मोठे काही मिळत नाही आणि फोटो किंचित मऊ दिसतो. बातमीच्या साइटला हे चालेल, छायाचित्रकाराच्या दालनाला नाही.

प्रत्यक्ष काम कसे चालते

पालखीच्या फोटोवाल्या मासिकाने ही दोन मापे काढायचे ठरवले असे धरू. पहिली पायरी म्हणजे मापांची नोंदणी रद्द करणे, नाहीतर पुढचा प्रत्येक फोटो ती पुन्हा बनवत राहील. छोट्या प्लगिनमध्ये एवढे पुरते :

```php
add_action( 'init', function () {
    remove_image_size( '1536x1536' );
    remove_image_size( '2048x2048' );
} );
```

मग पूर्ण बॅकअप. फाइली आणि डेटाबेस एकाच वेळचे हवेत, कारण मेटाडेटा डेटाबेसमध्ये असतो आणि एकट्या फाइली परत आणून जुळणी होत नाही. त्यानंतर वर्डप्रेसच्या कमांड लाइनवरून पुढील आज्ञा क्रमाने दिल्या जातात :

```
wp media image-size
wp media regenerate --delete-unknown --yes
wp media regenerate --only-missing --yes
```

पहिली आज्ञा सध्या नोंदलेली मापे दाखवते. काढलेली दोन तिथे दिसत नाहीत याची खात्री करायची. दुसरी आज्ञा नोंदणी नसलेल्या मापांच्या तेवढ्या फाइली आणि नोंदी काढते. मात्र मागे सोडून दिलेल्या जुन्या थीमची मापेही तिच्या लेखी अनोळखीच असतात, आणि त्यांचे पत्ते जुन्या लेखांत असू शकतात. तिसरी आज्ञा जे माप असायला हवे पण नाही, तेवढेच बनवते. अपलोड अर्धवट राहिल्याने किंवा नवी थीम बसवल्याने पडलेली भोके तिने भरतात. काहीही न जोडता `wp media regenerate` दिले तर आधी जुनी मापे पुसून सगळी नव्याने बनवली जातात. वर सांगितलेला पत्त्यांचा घोटाळा बहुधा याच सवयीतून होतो. पुसायचे नसेल तर `--skip-delete` जोडावे लागते.

कमांड लाइन हाताशी नसेल त्यांच्यासाठी ‘रीजनरेट थंबनेल्स’ हे जुने, रुळलेले प्लगिन आहे. बरोबर मापाची फाइल असेल तर ती वगळण्याची, जुनी मापे पुसण्याची आणि लेखांमधले पत्ते नव्या मापांना जुळवण्याची सोय त्यात आहे. शेवटची सोय लेखांच्या मजकुरातच बदल करते, म्हणून ती बॅकअपशिवाय वापरू नये.

शेवटी पानांची कॅश रिकामी करायची. साठवलेल्या पानात जुनी `srcset` यादी असते. ब्राउझरने तिच्यातून पुसलेले माप निवडले तर तो दुसऱ्या मापाकडे वळत नाही, फोटो तुटलेलाच दाखवतो. पुढचे काही आठवडे सर्व्हरच्या नोंदींत ४०४ उत्तर मिळालेल्या आणि नावाच्या शेवटी `-रुंदीxउंची` असलेल्या चित्रांच्या मागण्या शोधत राहावे. छाटणी चुकली की नाही हे सांगणारा तो सर्वांत भरवशाचा पुरावा.

साधनांना न दिसणाऱ्या फाइली

वरच्या आज्ञा मेटाडेटात नोंद असलेल्या फाइलींनाच ओळखतात. नोंद हरवलेल्या फाइली डिस्कवर अनाथ राहतात. ५.३ आवृत्तीपूर्वी सगळी मापे बनून झाल्यावरच नोंद होत असे. सर्व्हर मध्येच थकला की बनलेल्या फाइली राहत, पण नोंद राहत नसे. आता प्रत्येक माप बनल्याबरोबर ते नोंदवले जाते आणि अर्धवट काम पुढे नेता येते. जुना कचरा मात्र त्याने जात नाही. मीडिया लायब्ररीतून फोटो कायमचा पुसला तरी नोंदीत नसलेली फाइल मागे उरते.

अशा फाइली नावाच्या नमुन्यावरून शोधून एकगठ्ठा पुसण्याचा मोह होतो. त्यात मोठा धोका आहे. अनेक संपादक दुसऱ्या साइटवरून फोटो उतरवून आणतात आणि पूर्वी चढवलेल्या अशा फोटोचे नावच `sabha-1024x683.jpg` असू शकते. इथे तीच मूळ फाइल आहे. नमुन्याला हा फरक कळत नाही. म्हणून डिस्कवरचे प्रत्येक नाव मेटाडेटातील मूळ आणि बनवलेल्या अशा दोन्ही याद्यांशी ताडून पाहावे लागते आणि नोंद नसलेली फाइल आधी बाजूच्या फोल्डरमध्ये हलवून काही काळ थांबावे लागते.

हाताने केलेल्या दुरुस्त्या हा आणखी एक अवघड कोपरा. २०२३ पर्यंत वर्डप्रेसच्या चित्र-संपादकात एकट्या थंबनेलची चौकट सहज बदलता येत असे. चेहरा मध्यभागी यावा म्हणून संपादक तसे करत. सरसकट नव्याने बनवताना ही निवड विचारात घेतली जात नाही. थंबनेल पुन्हा मधोमध कापला जातो आणि केलेले काम वाया जाते.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न वापराचा. एखादे माप कुठे वापरले आहे, हे खात्रीने सांगणारे एकही साधन नाही. लेखांचा मजकूर शोधता येतो, पण पेज बिल्डर आपली रचना वेगळ्या नोंदींत ठेवतात. सर्व्हरच्या नोंदी पाहता येतात, पण मध्ये सीडीएन असेल तर बरीच मागणी सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही. पाठवून झालेल्या ई-मेलमधले आणि इतरांनी आपल्या साइटवर लावलेले पत्ते तर कुठल्याच शोधात येत नाहीत.

दुसरा प्रश्न नव्या फॉर्मॅटचा. वेबपी २०२१ मध्ये ५.८ आवृत्तीत आणि एव्हीआयएफ २०२४ मध्ये ६.५ आवृत्तीत स्वीकारले जाऊ लागले. जेपेग चढवला तरी त्याच्या वेबपी प्रती आपोआप बनवण्याचा प्रस्ताव ६.१ साठी होता. दोन्ही फॉर्मॅट शेजारी ठेवले तर फाइलींची संख्या जवळपास दुप्पट होणार, हा त्यावरचा एक मुख्य आक्षेप होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो प्रस्ताव मूळ आवृत्तीतून मागे घेतला गेला आणि सोय प्लगिनपुरती राहिली. वाचकाचा डेटा वाचवायचा की मालकाची डिस्क, हा वाद तिथे मिटला नाही, पुढे ढकलला गेला.

तिसरा प्रश्न मूळ फाइलीचा. `-scaled` प्रत असताना मूळ फाइल कोणत्याही पानावर दिसत नाही आणि सर्वांत जास्त जागा तीच घेते, म्हणून काही जण ती पुसतात. पुढची प्रत्येक नवी प्रत मग आधीच दाबलेल्या जेपेगवरून बनते आणि तिचा दर्जा मूळ फाइलीवरून बनवलेल्या प्रतीपेक्षा थोडा कमी राहतो. उद्याच्या पडद्यांना कोणते माप लागेल, हे आज ठाऊक नसताना हा निर्णय उलट फिरवता येत नाही. मूळ फाइली स्वस्त साठवणुकीत वेगळ्या हलवण्याचा मधला मार्ग अनेकांना पटतो, पण वर्डप्रेसच्या मूळ रचनेत त्यासाठी तयार सोय नाही. ती येईपर्यंत मूळ फाइल राखणे आणि मजकुरात पत्ता कोरला जात नाही अशा मापांपासून छाटणी सुरू करणे, एवढ्या दोन गोष्टींवर तिन्ही बाजूंच्या लोकांचा फारसा आक्षेप राहू नये.